‘मोजणी झाल्यानंतरही’ : सरतपासाचे शपथपत्र वाचताना

दिवाणी दाव्यात मुद्दे निघाले, पुराव्याची तारीख पडली, की समोरच्या पक्षाच्या वकिलांकडून आठ-दहा पानांचा एक कागद आपल्या वकिलांच्या हाती येतो. वर लिहिलेले असते, ‘वादीचे सरतपासाचे शपथपत्र’. वकील त्याची झेरॉक्स पक्षकाराला देतात आणि नीट वाचून यायला सांगतात. पक्षकार वाचतो, संतापतो आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदापुढे ‘खोटे’ असा शेरा मारून कागद परत आणतो. हे ‘खोटे’ वकिलांना आधीच ठाऊक असते, ते कैफियतीत लिहूनही झालेले असते. त्यांना पक्षकाराकडून हवे असते ते वेगळेच. समोरच्याने नकळत आपल्या सोयीचे काय मान्य केले आहे? कोणत्या गोष्टी नुसत्या सांगितल्या आहेत, कागद मात्र लावलेला नाही? आणि साक्षीदाराला नेमके कुठे विचारता येईल? ही तीन उत्तरे शोधत शपथपत्र वाचले तर उलटतपासाची निम्मी तयारी घरीच होते. अनेकदा ती पक्षकारालाच जास्त चांगली करता येते, कारण घडलेले प्रसंग त्याने पाहिलेले असतात आणि वकिलांनी नाही.

पूर्वी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या वकिलांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरे द्यायचा, म्हणजे सरतपासही कोर्टातच व्हायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेतली दुरुस्ती १ जुलै २००२ पासून लागू झाली आणि सरतपास शपथपत्रावर द्यायची पद्धत आली. उलटतपास मात्र आजही तोंडीच, कोर्टासमोर किंवा कोर्टाने नेमलेल्या कमिशनरसमोर होतो. या बदलाचा एक परिणाम असा की शपथपत्रातली भाषा साक्षीदाराची नसते. ती त्याच्या वकिलांनी ऑफिसात बसून, दावा समोर ठेवून, विचारपूर्वक लिहिलेली असते. त्यामुळे त्यात अडखळणे नसते, ‘आठवत नाही’ नसते. पण हाच मजकूर आपल्याला दहा वेळा, दाव्याच्या आणि नोटिशीच्या शेजारी ठेवून वाचता येतो, आणि ही सवलत तोंडी साक्षीत कधीच नव्हती. शिवाय शपथपत्र दाखल झाले म्हणून पुरावा पुरा होत नाही. साक्षीदाराने कोर्टात येऊन ‘हा मजकूर माझा आणि बरोबर आहे’ असे सांगावे लागते आणि उलटतपासाला सामोरे जावे लागते. तो आलाच नाही तर त्या पानांचा आधार घेता येत नाही.

पुढचे सगळे एका रचलेल्या उदाहरणावरून पाहू. त्यातली माणसे काल्पनिक आहेत, पण अशा धर्तीचे दावे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात सापडतील. एका शेतकऱ्याने आपली ४० आर जमीन २४ लाखांना विकण्याचे साठेखत १० मार्च २०१९ ला एका व्यापाऱ्याला करून दिले. इसारा पाच लाख, त्यातले तीन लाख चेकने आणि दोन लाख रोख. उरलेले १९ लाख सहा महिन्यांत, म्हणजे १० सप्टेंबर २०१९ पर्यंत द्यायचे. तोपर्यंत शेतकऱ्याने जमिनीची सरकारी मोजणी करून घ्यायची. खरेदीखत झाले नाही. व्यापाऱ्याने ५ फेब्रुवारी २०२२ ला वकिलांमार्फत नोटीस पाठवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये खरेदीखत करून मिळावे म्हणून दावा लावला. शेतकरी, म्हणजे प्रतिवादी, कैफियतीत म्हणतो की साठेखत आणि पाच लाख मान्य, पण त्यानंतर एक रुपयाही मिळाला नाही आणि वादीकडे उरलेले पैसे कधी नव्हतेच. आपण वादीचे शपथपत्र प्रतिवादीच्या बाजूने वाचतो आहोत.

वाचायला बसण्यापूर्वी टेबलावर आणखी चार कागद लागतात: दाव्याची प्रत, आपली कैफियत, कोर्टाने काढलेले मुद्दे आणि दाव्यापूर्वीची नोटीस. मुद्दे सर्वांत वर ठेवावेत. या दाव्यात भांडण साठेखत झाले का याचे नाही, ते दोन्ही पक्षांना मान्य आहे, आणि मान्य असलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. खरा प्रश्न एकच आहे. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १६(क) प्रमाणे वादीने दाखवायचे आहे की करारातला आपला वाटा पुरा करायला तो सतत तयार आणि इच्छुक होता. ‘तयार’ म्हणजे पैशांची ऐपत, ‘इच्छुक’ म्हणजे त्याचे वागणे, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी समजावून सांगितला आहे. याच एका प्रश्नाच्या प्रकाशात शपथपत्राची सगळी पाने वाचायची. साठेखताच्या दिवशी कोण कुठे बसले होते, चहा कुणी आणला, यावर घालवलेला वेळ वाया जातो.

दुसरी गोष्ट, परिच्छेदाला नव्हे तर वाक्याला क्रमांक द्यावा. शपथपत्रातल्या एका परिच्छेदात तीन-चार वेगवेगळी विधाने गुंफलेली असतात. त्यातले एक आपल्या कामाचे असते, दुसरे घातक आणि तिसरे ऐकीव. संपूर्ण परिच्छेदाला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणून मोकळे झालो तर कामाचे विधान हातून निसटते.

आता कबुल्या. माणूस ‘मी चुकलो’ असे शपथपत्रात लिहीत नाही. कबुली मुख्य वाक्यात क्वचितच असते, ती बहुतेक वेळा वाक्याच्या त्या भागात असते ज्याकडे लिहिणाऱ्याचे लक्ष नव्हते. आपल्या शपथपत्रातला सहावा परिच्छेद असा आहे: ‘मोजणी झाल्यानंतरही प्रतिवादीने खरेदीखत करून देण्यास टाळाटाळ केली.’ लिहिणाऱ्याचा सगळा जोर टाळाटाळीवर आहे. पण ‘मोजणी झाल्यानंतरही’ या दोन शब्दांत वादीने शपथेवर मान्य केले आहे की मोजणी झाली होती. आता दावा उघडून पाहा. दाव्याच्या पाचव्या परिच्छेदात लिहिले आहे की प्रतिवादीने मोजणी करून न दिल्याने खरेदीखत लांबले. म्हणजे उशिराचे जे कारण दाव्यात दिले तेच शपथपत्राने काढून टाकले. प्रतिवादीने भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा दाखल केला आहे आणि त्यावर मोजणीची तारीख २० ऑगस्ट २०१९ आहे, मुदत संपायच्या एकवीस दिवस आधीची. करारातला प्रतिवादीचा वाटा त्या दिवशी पुरा झाला. त्यानंतर जे व्हायचे होते ते वादीने करायचे होते.

अशीच दुसरी कबुली आठव्या परिच्छेदात आहे: ‘सन २०२० मध्ये मी दुकानासाठी गाळा खरेदी केला असला तरी माझ्याकडे उर्वरित रक्कम सदैव उपलब्ध होती.’ या वाक्याचे दोन तुकडे करावे लागतात. गाळा खरेदी केला, ही कबुली. रक्कम सदैव उपलब्ध होती, हा नुसता दावा. पहिला तुकडा एका रकान्यात जातो, दुसरा दुसऱ्यात. मात्र कबुली वाक्यातून तोडून कोर्टासमोर मांडायची नसते. न्यायाधीश संपूर्ण वाक्य वाचणारच. ‘गाळा घेतला, म्हणजे पैसे संपले’ असा निष्कर्ष त्या एका तुकड्यातून निघत नाही. निघतो तो एवढाच की साठेखताची मुदत टळून गेल्यावर, प्रतिवादीला एक पैसाही न देता, वादीने दुसरीकडे मोठी रक्कम गुंतवली. किती, हे त्या खरेदीखताच्या नोंदीवरून, सूची क्रमांक दोनवरून कळते. ती नोंद नोंदणी विभागाकडून मिळवता येते.

कबुलीच्या ताकदीतही फरक असतो. दाव्यात किंवा कैफियतीत दिलेली कबुली सर्वांत भक्कम, तिच्यामुळे ती गोष्ट सिद्ध करायचे ओझेच उतरते. शपथपत्रातली किंवा नोटिशीतली कबुली हा पुरावा असतो, पण अखेरचा शब्द नसतो. ती देणाऱ्याला ती चुकीची होती किंवा गैरसमजातून आली होती असे दाखवण्याची संधी असते. म्हणून शपथपत्रात कबुली सापडली की तिला आधार देणारा दुसरा कागद शोधायचा. मोजणीच्या कबुलीला नकाशा आहे, गाळ्याच्या कबुलीला सूची क्रमांक दोन आहे. कागदाने जखडलेल्या कबुलीतून बाहेर पडणे साक्षीदाराला फार अवघड जाते.

आणि हे वाचताना स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते. शपथपत्राच्या दहाव्या परिच्छेदात वादी म्हणतो की नोटीस प्रतिवादीला मिळाली आणि त्याने उत्तर दिले नाही. पोस्टाची पोहोच सोबत आहे. हे खरे असेल तर आपल्याच यादीत ते ‘आपल्या विरुद्ध’ म्हणून लिहायचे. उलटतपासात तो विषय उकरून काढायचा नाही, पण आपल्या साक्षीदाराला त्याचे उत्तर द्यावे लागणार हे आजच कळलेले बरे.

दुसरा रकाना कागद नसलेल्या विधानांचा. इथे वाचक दोन टोकांना जातात. काहींना वाटते की कागद नसलेले सगळे आपोआप खोटे ठरते. तसे नसते. शपथेवरचे तोंडी कथन हासुद्धा पुरावाच आहे, आणि उलटतपासात ते हलले नाही तर कोर्ट त्यावर विश्वास ठेवू शकते. काहींना उलट वाटते की कागद जोडला, त्यावर निशाणी पडली, म्हणजे तो सिद्ध झाला. तेही तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ४ मध्येच म्हटले आहे की शपथपत्रासोबत दाखल केलेल्या दस्तऐवजांची सिद्धता आणि ग्राह्यता कोर्टाच्या आदेशावर अवलंबून राहील. निशाणी म्हणजे ओळखीचा क्रमांक. आत लिहिलेला मजकूर खरा आहे का, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

म्हणून ‘कागद नाही’ एवढे लिहून थांबायचे नाही. ही गोष्ट खरोखर घडली असती तर कोणता कागद सहजपणे तयार झाला असता, आणि तो आज कुणाकडे असायला हवा, हे त्यापुढे लिहायचे. ‘प्रतिवादीकडे वारंवार तोंडी विनंती केली’ या वाक्यात तारीख नाही, ठिकाण नाही, सोबत कुणी होते का ते नाही. तोंडी विनंतीचा कागद बनत नाही, तेव्हा तो नाही म्हणून दोष देता येणार नाही. पण व्यापारी माणूस एकोणतीस महिन्यांत एक पत्र, एक मेसेज पाठवत नाही, हे नोंदवण्याजोगे आहे. ‘रक्कम सदैव उपलब्ध होती’ या विधानाचे तसे नाही. १९ लाख असल्याचा माग बँकेच्या उताऱ्यात, मुदत ठेवीच्या पावतीत, कर्जमंजुरीच्या पत्रात, आयकर विवरणात राहतोच, आणि यातला प्रत्येक कागद वादीच्याच ताब्यात असतो. कायद्याने त्याला पैसे कोर्टात भरून दाखवावे लागत नाहीत, कोर्टाने तसा आदेश दिला असेल तर गोष्ट वेगळी. पण ऐपत दाखवावी लागते, आणि ती दाखवणारा एकही कागद दस्तऐवज यादीत नाही. मुख्य मुद्द्यावरचीच ही उणीव आहे. माझ्या मते संपूर्ण यादीत सर्वांत मोठ्या अक्षरात लिहायची नोंद हीच.

याच रकान्यात ऐकीव विधाने येतात. ‘प्रतिवादी ही जमीन दुसऱ्यास विकण्याच्या प्रयत्नात असल्याचे मला माझ्या भावाकडून समजले.’ वादीने स्वतः काही पाहिलेले नाही. भावाला साक्षीदार म्हणून आणले तर तो काय ते सांगेल, नाही तर हे वाक्य आहे तिथेच गळून पडते. अशा वाक्यावर उलटतपासात प्रश्न विचारणे म्हणजे भावाला बोलावण्याची आठवण करून देणे.

आता तिसरा रकाना, प्रश्नांच्या जागांचा. इथे सातवा परिच्छेद सविस्तर पाहू, कारण सगळी खुबी त्यात आहे. वादी लिहितो: ‘दिनांक १५ जुलै २०१९ रोजी प्रतिवादीस त्याच्या मुलीच्या लग्नाकरिता पैशांची निकड असल्याने मी त्यास दोन साक्षीदारांसमक्ष रोख रुपये दोन लाख दिले. आमचे घरोब्याचे संबंध असल्याने पावती घेतली नाही. आता फक्त १७ लाख देणे बाकी आहे.’

हा परिच्छेद तीन कागदांशी ताडून पाहायचा. पहिला दावा. त्यात १५ जुलैला दोन लाख रोख दिल्याचे आहे, पण लग्नाचे कारण नाही आणि साक्षीदारही नाहीत. दोन्ही गोष्टी शपथपत्रात पहिल्यांदाच आल्या. याचा अर्थ काढताना सावध राहावे. दाव्यात महत्त्वाच्या घटना सांगायच्या असतात, त्या कशाने सिद्ध होतील ते सांगायचे नसते. तेव्हा साक्षीदारांचा उल्लेख दाव्यात नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. नंतर सुचलेली भर म्हणून त्याचे वजन कमी होते, इतकेच म्हणता येईल.

दुसरा कागद नोटीस. ५ फेब्रुवारी २०२२ च्या नोटिशीत वादीच्या वकिलांनी लिहिले आहे की त्यांचे पक्षकार ‘उर्वरित १९ लाख’ देऊन खरेदीखत करून घेण्यास तयार आहेत. चोवीसातून पाच गेले की एकोणीस उरतात. जुलै २०१९ मध्ये आणखी दोन लाख दिले असते तर अडीच वर्षांनी पाठवलेल्या नोटिशीत सतरा लाख बाकी लिहिले गेले असते. दोन लाखांचा उल्लेख नोटिशीत कुठेच नाही. हे सापडायला कायदा लागत नाही, फक्त नोटीस आणि शपथपत्र शेजारी ठेवून आकडे जुळवावे लागतात. माझा अनुभव असा की पक्षकार नोटीस परत उघडतच नाहीत, ती जुनी झाली असे समजून.

तिसरा कागद पक्षकाराच्या घरात असतो. प्रतिवादीच्या मुलीचे लग्न फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले, साठेखताच्याही आधी. लग्नपत्रिका कपाटात आहे. ही गोष्ट वकिलांना कळायला मार्गच नाही, कारण लग्नाचा विषय दाव्यात कधी आलाच नव्हता. शपथपत्र वाचणाऱ्या पक्षकारानेच ती सांगायला हवी. आणि ही पत्रिका आता कोर्टात चालेल का? समोरच्या साक्षीदाराच्या उलटतपासात दाखवण्यासाठीचा कागद आधी दाखल केलेला असावाच, असे बंधन संहितेत नाही. साक्षीदार खुद्द वादी किंवा प्रतिवादी असला तरी त्याला असा कागद दाखवता येतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. वादीने पत्रिका ओळखली नाही तर ती आपल्या साक्षीत सिद्ध करावी लागेल, हे मात्र धरून चालायचे.

आता प्रश्नांचा क्रम. नोटिशीतला विरोध दाखवायचा तर पुरावा कायद्याची एक अट पाळावी लागते. साक्षीदाराला त्याच्या पूर्वीच्या लेखी विधानाने खोडून काढायचे असेल तर त्या लेखातला नेमका भाग त्याच्या नजरेस आणून द्यावा लागतो. १८७२ च्या कायद्यात हे कलम १४५ होते, भारतीय साक्ष अधिनियमात ते १४८ आहे. नवा कायदा १ जुलै २०२४ ला आला, पण त्या दिवशी प्रलंबित असलेल्या कार्यवाहीला जुनाच कायदा लागू राहतो, म्हणून २०२२ च्या आपल्या दाव्यात १४५ च. नोटीस थेट पुढे केली तर वादी म्हणेल, ‘वकिलांकडून चूक झाली.’ ही वाट आधी बंद करायची. नोटीस तुमच्या सांगण्यावरून दिली ना? व्यवहाराची सगळी माहिती तुम्हीच वकिलांना दिली ना? दाव्यासोबत नोटिशीची प्रत दाखल करताना ती तुम्ही वाचली होती ना? त्यानंतर तिच्यात चूक आहे असे कधी कळवले नाही ना? चार होकार मिळाले की पाचव्या प्रश्नात ती ओळ दाखवायची: ‘उर्वरित १९ लाख’ असे लिहिले आहे ना? उत्तर कागदावरच आहे. साक्षीपत्रात नोंद होते, ‘हे खरे आहे की, सदर नोटिशीत उर्वरित रक्कम १९ लाख असे नमूद आहे.’

इथे थांबायचे. ‘मग तेव्हा दोन लाख कुठे गेले होते?’ हा सहावा प्रश्न जिभेवर येतो आणि तोच घात करतो. ‘का’ आणि ‘कसे’ विचारले की साक्षीदाराला मोकळे मैदान मिळते. तो म्हणेल, ते दोन लाख खरेदीखताच्या वेळी वळते करू असे ठरले होते. ही कहाणी आतापर्यंत कुठेच नव्हती, ती आपल्याच प्रश्नाने साक्षीत आली. फेरतपासात त्याचे वकील खुलासा मागू शकतात हे खरे, पण फेरतपासाला उलटतपासातून निघालेल्या बाबींचीच मर्यादा असते आणि उत्तर सुचवणारे प्रश्न त्यांना विचारता येत नाहीत. मागायचा तर खुलासा त्यांनी मागावा.

काही न विचारण्यालाही मर्यादा आहे. आपल्या बाजूच्या मूळ भूमिकेविरुद्ध असलेले विधान उलटतपासात आव्हान न देता सोडले तर ते मान्य आहे असे कोर्ट धरू शकते. म्हणून शेवटी सूचना द्याव्या लागतात: तुम्ही प्रतिवादीला दोन लाख दिलेच नाहीत, मुदतीत तुमच्याकडे १९ लाख नव्हते. साक्षीदार ‘हे म्हणणे खरे नाही’ असेच म्हणणार. त्या नकाराने आपले काही सिद्ध होत नाही, पण आव्हान नोंदले जाते. सूचनेचे शब्द मात्र पारखून घ्यावेत. ‘ते दोन लाख तुम्ही साठेखतासाठी नव्हे, जुन्या उसनवारीपोटी दिले होते ना?’ अशी सूचना तोंडून गेली तर पैसे मिळाल्याचे आपणच सांगून बसलो. महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बचावाच्या वकिलांनी केलेल्या सूचना आरोपीच्या विरुद्ध वापरता येतात असे सांगितले. दिवाणी पक्षकाराने त्यातून धडा घ्यावा.

उशिराच्या बाबतीत शपथपत्र म्हणते, ‘करोनाच्या साथीमुळे व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही.’ हे ऐकायला पटणारे आहे, म्हणूनच तारखा मांडून पाहाव्यात. देशभराची टाळेबंदी २५ मार्च २०२० ला लागली. साठेखताची मुदत १० सप्टेंबर २०१९ ला संपली. मधले साडेसहा महिने साथीच्या खात्यावर टाकता येत नाहीत, आणि त्यानंतर त्याच २०२० सालात गाळ्याची खरेदी मात्र झाली. गाळ्याच्या नोंदणीची तारीख टाळेबंदीनंतरची निघाली तर करोनाचे कारण आणखी पातळ होते. आधीची निघाली तर मुदत टळल्यावर लगेच पैसे दुसरीकडे गेले असे म्हणता येते. दोन्हींपैकी काय आहे हे उलटतपासापूर्वी पाहून ठेवायचे, साक्षीदाराला विचारून शोधायचे नाही.

एवढे सगळे सापडले म्हणजे दावा खारीज झालाच असे समजू नये. स्थावर मिळकतीच्या करारात ठरलेली मुदत हीच कराराचा प्राण असते असे कायदा सहसा मानत नाही, त्यामुळे १० सप्टेंबर टळली एवढ्याने करार संपत नाही. दोन लाखांची गोष्ट खोटी ठरली तरी वादीची सगळी साक्ष फेकून दिली जात नाही, कारण एक विधान खोटे निघाले म्हणून सगळेच खोटे, हा नियम आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेला नाही. कोर्ट प्रत्येक विधान वेगळे तोलते. दोन लाखांच्या विरोधाभासाने वादीच्या विश्वासार्हतेला धक्का बसतो, पण निकाल फिरेल तो तयारी आणि इच्छेच्या मुद्द्यावर. वादीने फेरतपासाच्या वेळी कोर्टाची परवानगी मागून बँकेचा उतारा दाखल केला तर आपली सर्वांत मोठी नोंद कमकुवत होईल. म्हणून ‘तुम्ही या दाव्यात बँकेचा उतारा दाखल केलेला नाही’ हे विचारावे की युक्तिवादासाठी राखून ठेवावे, यावर अनुभवी वकिलांतही दोन मते आढळतात. मला विचारणे बरे वाटते. सिद्ध करायची जबाबदारी वादीची आहे, आणि ऐन उलटतपासानंतर उगवलेल्या उताऱ्याकडे कोर्ट संशयाने पाहते. पण पक्षकाराला समोरच्याचे खाते भरलेले असल्याची कुणकुण असेल तर त्याने ती वकिलांपासून लपवू नये. तेव्हा हा प्रश्न टाळलेलाच चांगला.

यादीचे शेवटचे रूप दोन पानांपेक्षा मोठे नसावे. प्रत्येक नोंदीपुढे शपथपत्राचा परिच्छेद, त्यातले वाक्य, शेजारी दाव्याचा किंवा नोटिशीचा परिच्छेद आणि कागद असेल तर त्याची निशाणी. आपल्या उदाहरणात कबुल्या दोनच निघाल्या, मोजणीची आणि गाळ्याची. कागद नसलेल्या विधानांत ऐपत सर्वांत वर, मग दोन लाख, मग तोंडी विनंत्या. भावाच्या ऐकीव माहितीपुढे ‘विचारू नये’ एवढाच शेरा. प्रश्नांच्या जागा तीन: नोटिशीतले १९ लाख, लग्नाची तारीख आणि मुदतीनंतरचे साडेसहा महिने. नोटिशीला उत्तर न दिल्याची नोंद वेगळ्या कागदावर, प्रतिवादीच्या स्वतःच्या साक्षीच्या तयारीसाठी. लग्नपत्रिका, मोजणी नकाशा आणि सूची क्रमांक दोन हे कागद यादीसोबत वकिलांकडे तारखेच्या आठवडाभर आधी पोहोचलेले असावेत.